भिंतीआड गेल्यावर लागलेली गोळी

दिवाळीत बहिणीकडे कोल्हापूरला गेलो होतो. रात्री जेवणं उरकून आम्ही गप्पा मारत बसलो होतो, तेवढ्यात आतल्या खोलीतून टेबलावर हात आपटल्याचा आवाज आला. बहीण जागची हलली नाही. ‘रोजचंच आहे,’ म्हणाली. मी उठून आत गेलो. भाचा कानावरचे हेडफोन काढून स्क्रीनकडे बोट दाखवत होता.

‘मामा, हे बघा की! मी भिंतीमागं गेलतो. पार आत गेलतो. तरी मारलं मला. हॅकर हाय ह्यो.’

खेळ गोळीबाराचा होता, पाच विरुद्ध पाच. भाच्याने Tab दाबून खेळाडूंची यादी उघडली. प्रत्येक नावापुढे एक आकडा होता. भाच्यापुढे ३०, त्याला मारणाऱ्यापुढे ११०. त्यामुळे तर त्याचा जास्तच संताप झाला होता. समोरच्याचं नेट भंगार, आपलं चांगलं, तरी मार आपल्यालाच!

माझं निम्मं आयुष्य नेटवर्कच्या तारा जोडण्यात आणि बिघाड शोधण्यात गेलं आहे. मी त्याला म्हटलं, ‘अरे, तू भिंतीमागे गेला होतास हे खरं. पण त्याने नेम धरला तेव्हा तू त्याला उघड्यावर दिसत होतास, हेही खरं. आणि सर्व्हरने दिलेला निकालही नियमाला धरूनच आहे.’ तो माझ्याकडे असा बघायला लागला, की मामाही त्या हॅकरला सामील असावा. मग त्या दोन आकड्यांचा हिशेब मांडायला बसावंच लागलं. तोच इथे सविस्तर देतो.

आकडा कशाचा?

तुमच्या यंत्राने सर्व्हरला एक इवलासा निरोप धाडला आणि सर्व्हरने ‘पोचला’ असं उलट कळवलं, तर या जाण्यायेण्याला मिळून जेवढा वेळ लागतो त्याला पिंग म्हणतात. तो मिलिसेकंदांत मोजतात. एका सेकंदाचे हजार मिलिसेकंद. लेटन्सी म्हणजे एकूणच उशीर. खेळणारी मुलं दोन्ही शब्द एकाच अर्थाने वापरतात आणि खेळाच्या कोपऱ्यात जो आकडा दिसतो तो बहुतेक वेळा जाण्यायेण्याचा पिंगच असतो.

हे नाव पाणबुड्यांच्या जगातून आलं आहे. सोनार यंत्र पाण्यात ध्वनी सोडतं आणि प्रतिध्वनी किती वेळाने परत आला त्यावरून समोरची वस्तू किती लांब आहे ते काढतं. अमेरिकी लष्कराच्या बॅलिस्टिक रिसर्च लॅबोरेटरीत काम करणाऱ्या माइक मूस यांना डिसेंबर १९८३मध्ये नेटवर्कमधला एक बिघाड शोधायचा होता. त्यांनी त्यासाठी एक छोटा प्रोग्रॅम लिहिला आणि सोनारच्या त्या आवाजावरून त्याला पिंग नाव दिलं. तो प्रोग्रॅम आजही जवळजवळ प्रत्येक कॉम्प्युटरमध्ये असतो. पुढे आपण तो वापरणारही आहोत.

आधी एक गैरसमज दूर करू. ‘मी तर जास्त एमबीपीएसचा प्लॅन घेतला, तरी पिंग तेवढाच,’ ही तक्रार मी अनेक घरांत ऐकली आहे. पुण्यात आमच्या सोसायटीच्या गच्चीवर सोलर हीटर आहे. चौथ्या मजल्यावर नळ सोडला की लगेच गरम पाणी येतं. तळमजल्यावर आधी बादलीभर थंड पाणी जाऊ द्यावं लागतं. धार दोन्हीकडे सारखीच असते. गरम पाण्यासाठी किती थांबावं लागतं, तो पिंग. धार किती जाड, ते एमबीपीएस. सिनेमा उतरवून घ्यायला धार जाड लागते. खेळाचं तसं नाही. तो सेकंदाला कित्येक वेळा छोटे छोटे निरोप पाठवतो, ‘पुढे चाललो’, ‘उजवीकडे वळलो’, ‘गोळी झाडली’. आणि हे सगळं मिळून सहसा एक एमबीपीएसही भरत नाही. तळमजल्यावर जाड पाइप टाकला म्हणून गरम पाणी लवकर येत नाही.

तीस मिलिसेकंद गेले कुठे?

भाचा खेळत होता त्या खेळाचा सर्व्हर मुंबईत होता. कोल्हापूर ते मुंबई फायबर रस्त्याच्या कडेकडेने गेली आहे असं धरलं, तर अंतर साधारण ४०० किलोमीटर. निर्वात पोकळीत प्रकाश सेकंदाला तीन लाख किलोमीटर जातो, पण फायबरच्या काचेत त्याचा वेग सुमारे दोन लाखांवर येतो. म्हणजे एका मिलिसेकंदात २०० किलोमीटर. त्या हिशेबाने जायला दोन आणि यायला दोन, चार मिलिसेकंदांत काम व्हायला हवं. मग आकडा ३० कसा?

उरलेला वेळ वाटेतल्या थांब्यांवर जातो. घरातलं वायफाय, राउटर, गल्लीतल्या केबलवाल्याचं यंत्र, इंटरनेट कंपनीचं शहरातलं केंद्र, मग पुढचं मोठं केंद्र. प्रत्येक ठिकाणी निरोप आत घेतला जातो, त्यावरचा पत्ता वाचला जातो, आधीचे निरोप रांगेत असतील तर तो त्यांच्यामागे उभा राहतो. आणि वाटही नेहमी सरळ नसते. दोन कंपन्यांची जाळी कुठे एकमेकांना जोडली आहेत यावर वाट ठरते. कोल्हापूरचा निरोप चेन्नईला वळसा घालून मुंबईत आला, तर ४००ऐवजी दोन हजार किलोमीटर झाले आणि जाण्यायेण्याच्या चार मिलिसेकंदांचे वीस झाले. शेजारच्या घरात दुसऱ्या कंपनीचं नेट असेल आणि त्यांचा पिंग तुमच्यापेक्षा कमी असेल, तर बहुधा त्यांची वाट जवळची असते.

सर्व्हर जितका लांब, तितका हा आकडा खाली आणायचा मार्ग कमी. मुंबई ते सिंगापूर हवाई अंतर जवळपास ३,९०० किलोमीटर आहे. फायबर अगदी दोरी ताणल्यासारखी सरळ टाकली, तरी जाण्यायेण्याला ३९ मिलिसेकंद लागणारच. खऱ्या समुद्री केबल वळणं घेत जातात, म्हणून हा आकडा साठच्या आसपास दिसतो. युरोपातल्या सर्व्हरवर तो शंभराच्या पुढे जातो. त्यामुळे खेळाच्या सेटिंगमध्ये सर्व्हर कुठला निवडला आहे, हे सगळ्यात आधी बघावं. मुंबईचा पर्याय असताना चुकून सिंगापूर निवडलेलं असेल, तर घरातली कोणतीही दुरुस्ती तो फरक भरून काढणार नाही. ‘पिंग कमी करून देतो’ म्हणणाऱ्या ॲपचंही तेच. वाट वळशाची असेल तर ते जवळची वाट देऊ शकतं. जवळची वाट आधीच असेल, तर मध्ये एक थांबा वाढवण्यापलीकडे ते काही करत नाही.

खेळ अंदाजावर चालतो

आता मुख्य प्रश्न. आकडा कमी असला की खेळ गुळगुळीत का वाटतो? याचं उत्तर असं, की स्क्रीनवर दिसणारं युद्ध बरंचसं अंदाजाने रंगवलेलं असतं. पिंग जितका कमी, तितका अंदाज छोटा आणि तितकी त्याची चूकही छोटी.

१९९६ साली ‘क्वेक’ हा खेळ आला. त्यात नियम कडक होता: खरं काय ते सर्व्हर ठरवणार. तुम्ही ‘पुढे’ची कळ दाबली की निरोप सर्व्हरला जाणार, सर्व्हर तुम्हाला एक पाऊल पुढे सरकवणार, ते कळवणार, आणि मग तुमच्या स्क्रीनवर पाऊल पडणार. एकाच खोलीतल्या कॉम्प्युटरवर हे झकास चालायचं. पण टेलिफोनच्या तारेवरून मॉडेमने खेळणाऱ्याला कळ दाबल्यावर पाव सेकंद, कधी त्याहून जास्त वाट बघावी लागायची. बर्फावरून चालल्यासारखं वाटायचं. क्वेकचे प्रोग्रॅमर जॉन कारमॅक यांनी त्याच वर्षी ‘क्वेकवर्ल्ड’ काढून त्यात एक युक्ती घातली. तुम्ही कळ दाबली की तुमचा कॉम्प्युटर सर्व्हरच्या उत्तराची वाट न बघता तुम्हाला पुढे सरकवतो. सर्व्हर बहुतेक हेच सांगेल, असा त्याचा अंदाज असतो आणि तो बहुतेक वेळा बरोबरही ठरतो.

चुकतो तेव्हा काय होतं? समजा तुम्ही सेकंदाला पाच मीटर वेगाने धावताय. पिंग ३० असेल, तर सर्व्हरचं उत्तर येईपर्यंत तुम्ही अंदाजाने १५ सेंटिमीटर पुढे गेलेले असता. मध्येच कोणी आडवं आलं आणि सर्व्हर म्हणाला, ‘नाही, तू तिथेच अडलास,’ तर १५ सेंटिमीटर मागे यावं लागतं. हे डोळ्यांना जाणवतही नाही. पिंग १५० असेल, तर तीच चूक ७५ सेंटिमीटरची होते आणि कोणीतरी शर्टाला धरून मागे खेचल्यासारखं वाटतं. मुलं याला ‘रबर बँड’ म्हणतात ते यामुळे.

ही युक्ती फक्त स्वतःच्या हालचालींना चालते. समोरचा खेळाडू पुढच्या क्षणी कुठे वळेल याचा अंदाज कोण करणार? त्यासाठी दुसरी युक्ती आहे. सर्व्हर सगळ्यांचा हिशेब ठरावीक ठोक्यांवर करतो, त्या ठोक्याला टिक म्हणतात. ‘व्हॅलोरंट’चा सर्व्हर सेकंदाला १२८ टिक करतो, कित्येक खेळांचे ६४ किंवा त्याहूनही कमी. प्रत्येक टिकला ‘कोण कुठे आहे’ याचं एक चित्र तुमच्याकडे येतं. ही चित्रं जशी आली तशी दाखवली, तर समोरचा माणूस झटके देत सरकेल. म्हणून तुमचा कॉम्प्युटर एक-दोन चित्रं हातात राखून ठेवतो आणि त्यांच्यामधल्या जागा भरून हालचाल सलग दाखवतो. नगरपालिकेचं पाणी वेळीअवेळी आलं तरी टाकी असली की नळ चालू राहतो, तसंच हे. पण टाकीतलं पाणी थोडं शिळं असतं. समोरचा खेळाडू तुम्हाला नेहमी किंचित भूतकाळातला दिसतो.

यातून एक अडचण उभी राहते. तुम्ही नेम धरलात तो त्याच्या जुन्या जागेवर. गोळी सर्व्हरपर्यंत पोचेस्तोवर तो पुढे निघून गेलेला असतो. सर्व्हरने फक्त आत्ताची जागा बघितली, तर अचूक नेमसुद्धा वाया जाईल आणि प्रत्येकाला आपल्या पिंगच्या हिशेबाने माणसाच्या पुढे हवेत गोळी मारावी लागेल. व्हॉल्व्ह कंपनीचे यान बर्नियर यांनी २००१ साली एका निबंधात यावरचा उपाय नीट मांडला. गोळीचा निरोप आला की सर्व्हर घड्याळाचे काटे मागे फिरवतो. झाडणाऱ्याचा उशीर किती, त्याने राखून ठेवलेली चित्रं किती, ते धरून ‘याने चाप ओढला तेव्हा याला समोरचा कुठे दिसत होता?’ हे तपासतो. तिथे नेम बसला असेल, तर गोळी लागली. गोळीबाराच्या बहुतेक खेळांत आज याच पद्धतीचं कुठलं ना कुठलं रूप असतं. भाच्याला भिंतीआड लागलेली गोळी याच नियमाने लागली होती.

भिंतीमागचा हिशेब

भाच्याचा पिंग ३०, म्हणजे एका बाजूचा प्रवास १५. समोरच्याचा ११०, म्हणजे एका बाजूने ५५. सर्व्हरचे सेकंदाला ६४ टिक धरू. दोन टिकांमध्ये साधारण १६ मिलिसेकंदांचं अंतर, आणि निरोपाला पुढच्या टिकची वाट बघावी लागते ती सरासरी ८. समोरच्याने दोन चित्रं राखून ठेवली आहेत, म्हणजे अजून ३१.

भाचा भिंतीकडे धावतोय. तो भिंतीच्या कडेला पोचला त्या क्षणाची बातमी सर्व्हरला जायला १५, टिकची वाट ८, समोरच्याकडे पोचायला ५५, त्याच्या टाकीत ३१. बेरीज १०९. भाचा भिंतीच्या कडेला आहे हे समोरच्याला दिसतं, तेव्हा भाचा प्रत्यक्षात १०९ मिलिसेकंद पुढे धावून अर्धा मीटर आत गेलेला असतो. समोरच्याच्या डोळ्यांपुढे मात्र तो अजून उघडा आहे. त्याने चाप ओढला. ती बातमी सर्व्हरला यायला ५५, टिकची वाट ८, निकाल भाच्याकडे पोचायला १५. हे झाले ७८. एकूण १८७ मिलिसेकंद. सेकंदाला पाच मीटर वेगाने एवढ्या वेळात भाचा ९३ सेंटिमीटर गेला. म्हणजे स्वतःच्या स्क्रीनवर तो जवळजवळ एक मीटर भिंतीआड सुरक्षित होता, आणि तिथे तो मेला.

आता समोरच्याचा पिंग २० आहे असं समजा. बाकी काहीच बदलायचं नाही. जाताना १५, ८, १० आणि ३१ मिळून ६४. परतीला १०, ८ आणि १५ मिळून ३३. एकूण ९७ मिलिसेकंद आणि अंतर ४९ सेंटिमीटर. खोटी वाटणारी गोष्ट निम्म्यावर आली. शून्यावर कधीच येत नाही, कारण टिकची वाट आणि टाकी राहणारच.

इथे एक बारीक गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. भाच्याचा स्वतःचा पिंग दोन्ही वेळा ३०च होता. त्याला आलेला अनुभव मात्र समोरच्याच्या पिंगमुळे बदलला. यादीतला दुसऱ्याचा आकडाही आपल्या कामाचा असतो, तो यासाठी. पिंग फार मोठा असणाऱ्याला या नियमाचा अवाजवी फायदा मिळू नये म्हणून खेळ बनवणारे काटे किती मागे फिरवायचे याला हद्द घालतात. हद्दीबाहेर गेलं की मग त्याच्या अचूक गोळ्याही फुकट जातात. आणि जास्त पिंगवाला सुखात असतो असंही नाही. तो कोपऱ्यावरून पुढे झाला की समोर दबा धरून बसलेल्याला तो उशिरा दिसतो, हा त्याचा फायदा. पण तो स्वतः दबा धरून बसला असेल, तर कोपऱ्यावरून येणारा त्यालाच उशिरा दिसतो.

‘माणसाला दिसून बोट हलायलाच दोनशे मिलिसेकंद लागतात, मग वीस-तीसने काय बिघडतं?’ असं बहिणीने मध्येच विचारलं. रास्त प्रश्न आहे. पण ते दोनशे दोघांनाही लागतात. त्यामुळे ते हिशेबातून उडतात आणि जो फरक उरतो तो नेटचा. तरी त्यालाही मर्यादा आहे. साधा स्क्रीन सेकंदाला ६० चित्रं दाखवतो, म्हणजे एका चित्राला जवळपास १७ मिलिसेकंद. दीडशेचा पिंग पन्नासवर आला तर आंधळ्यालाही कळेल. विसाचा दहावर आला तर तो फरक स्क्रीनच गिळून टाकतो.

कमी आकडा आणि स्थिर आकडा

भाच्याच्या घरी एक दुसराच रोग होता. आकडा बहुतेक वेळ ३० असायचा, पण मध्येच १८०, २२० व्हायचा आणि परत यायचा. या हेलकाव्यांना जिटर म्हणतात. टाकीच्या भाषेत सांगायचं, तर पाणी दोन तास उशिरा येत असेल पण रोज त्याच वेळी येत असेल, तर छोट्या टाकीवर भागतं. कधी सकाळी, कधी रात्री येत असेल, तर टाकी मोठी ठेवावी लागते, नाहीतर ती मध्येच रिकामी होते. टाकी रिकामी झाली की समोरचे खेळाडू गोठतात आणि पुढच्या क्षणी दोन मीटरवर उगवतात. म्हणून सतत ६० असणारा पिंग हा २० आणि १२० यांच्यात उड्या मारणाऱ्या पिंगपेक्षा खेळायला बरा.

मोबाइलच्या नेटवर हे जास्त होतं. फोनला काही पाठवायचं असलं की आधी टॉवरकडे वेळ मागावी लागते, आणि टॉवर त्याच वेळी भागातल्या शेकडो फोनना वेळ वाटून देत असतो. संध्याकाळी गर्दी वाढली की आकडा नाचू लागतो. पट्ट्या चार दिसत असल्या तरी.

पण सगळाच दोष नेटचा नसतो, आणि तो ओळखायची एक सोपी खूण आहे. खेळात उभ्या जागी माउस जोरात फिरवून बघा. आजूबाजूच्या भिंतीही अडखळत फिरत असतील, तर दोष तुमच्या यंत्राचा आहे. त्याला चित्रं काढायला वेळ पुरत नाही. भिंती सुळकन फिरतात आणि फक्त इतर खेळाडू उड्या मारतात, तर दोष नेटचा.

आमचे खेळाडू उड्या मारत होते. मग मी भाच्याच्या कॉम्प्युटरवर दोन काळ्या खिडक्या उघडल्या. एकीतून घरातल्या राउटरला पिंग केलं, दुसरीतून बाहेरच्या जगाला.

```
ping -n 60 192.168.1.1
ping -n 60 8.8.8.8
```

पहिला पत्ता बहुतेक घरांत राउटरचा असतो. काही राउटरवर तो वेगळा असतो आणि राउटरच्या तळाशी लिहिलेला सापडतो. दुसरा गूगलचा सार्वजनिक पत्ता आहे. दर सेकंदाला एक ओळ येते आणि प्रत्येकीत `time=2ms` असं काहीतरी लिहिलेलं असतं. राउटर घरातच आहे, त्यामुळे त्याचं उत्तर एक-दोन मिलिसेकंदांत आणि सारखं यायला हवं. पहिल्याच खिडकीत आकडे नाचत असतील, तर कंपनीला फोन करून उपयोग नाही. घरातलं वायफाय दोषी आहे. पहिली शांत आणि दुसरी नाचते, तर दोष राउटरच्या पलीकडे किंवा राउटरच्या दाराशी. मध्ये `Request timed out` दिसलं, तर तेवढे निरोप वाटेत हरवले.

आमच्याकडे पहिल्या खिडकीत २, ३, २, ४१, ३, ६६ असं चाललं होतं. राउटर हॉलमध्ये टीव्हीमागे, मध्ये दोन भिंती, आणि भोवतालच्या घरांतली सगळी वायफायं त्याच जुन्या २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात गर्दी करून. राउटरपासून खोलीपर्यंत पंधरा मीटरची लॅन केबल टाकली. पहिली खिडकी शांत झाली. पण दुसरीत अधूनमधून २२० येतच होते.

त्याचं कारण बहिणीच्या हातात होतं. दिवाळीचे फोटो आणि व्हिडिओ तिच्या फोनवरून आपोआप क्लाउडवर चढत होते. तिच्या प्लॅनला खाली उतरायचा वेग भरपूर, पण वर चढायचा फक्त २० एमबीपीएस. फोनने भराभर माल ओतला की तो राउटरच्या रांगेत तुंबतो. अर्धा मेगाबाइट तुंबला तर तो चार मेगाबिट झाला, आणि तो २०च्या वेगाने निचरायला एक पंचमांश सेकंद लागतो, म्हणजे २०० मिलिसेकंद. भाच्याने झाडलेल्या गोळीचा निरोप त्या फोटोंच्या मागे रांगेत उभा. याला बफरब्लोट म्हणतात आणि घरोघरी पिंग उडण्याचं हे एक फार मोठं पण कमी ठाऊक असलेलं कारण आहे. काही राउटरमध्ये रांग छोटी ठेवणारी सोय असते, तिचं नाव SQM. तिच्या राउटरमध्ये ती नव्हती. फोनची सेटिंग बदलून फोटो पहाटे चढतील असं केलं, आणि दुसरी खिडकी २८, २९, २८ वर आली.

आकडा ३०चा २८ झाला. बघायला गेलं तर काहीच कमी झालं नाही. पण भाचा दोन डाव खेळून म्हणाला, ‘मामा, आता लोण्यासारखं चाललंय.’ हेलकावे गेले होते, बाकी काही बदललं नव्हतं.

तेव्हा पुढचा मोठा प्लॅन घेण्याआधी एक काम करा. सर्व्हर जवळचा निवडला आहे ना ते बघा, यंत्राला केबल जोडा आणि त्या दोन खिडक्या एक मिनिट चालू ठेवा. दोन्ही शांत असतील आणि आकडा पन्नासच्या आत असेल, तर तुमचं नेट खेळाला पुरेसं आहे. त्यानंतरही भिंतीआड गोळी लागलीच, तर यादीत समोरच्याचा पिंग बघा. तोही तिशीच्या आत असेल, तर गोळी बहुधा नेटमुळे लागलेली नाही. तुम्ही भिंतीकडे निघायलाच उशीर केला होता.